लांबलचक नामपदांचा अनुवाद: आधी शेपूट पकडा

"शब्दाला शब्द लावत जा, जमतं" हा सल्ला देणाऱ्याने सोलापुरातल्या यंत्रमाग कारखानदाराला एखादं शासकीय परिपत्रक समजावून दाखवावं. इंग्रजीत नामं मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक जोडली जातात, त्यांच्यामध्ये विभक्ती नसते. मराठीला ती बहुतेक वेळा लागतेच.

समजा, मजकुरात "पॉवरलूम युनिट इलेक्ट्रिसिटी टॅरिफ सब्सिडी स्कीम" आलं. शेवटच्या नामापासून उलटं चला. स्कीम, म्हणजे योजना. कसली? सवलतीची. कशात? वीजदरात. कोणाला? यंत्रमाग घटकांना. झालं: "यंत्रमाग घटकांना वीजदरात सवलत देण्याची योजना". इंग्रजीत "युनिट" एकवचनी दिसतं, मराठीत "घटकांना" हे अनेकवचन आपणच ठरवायचं.

खरी कसरत पुढे आहे: कोणता शब्द कोणाला चिकटलाय? "न्यू वॉटर मीटर" आणि "रॉ वॉटर पंप" यांची ठेवण एकच. पण पहिल्यात नवं आहे ते मीटर, दुसऱ्यात "रॉ" आहे ते पाणी. म्हणून एक "नवीन पाणीमापक", तर दुसरा "अशुद्ध पाण्याचा पंप". "अशुद्ध पंप" लिहिलेली निविदा मी पाहिली आहे, आणि ती तपासून पुढे गेली होती!

म्हणून कागदावर आधी कंस घाला. "लो टेन्शन अंडरग्राउंड केबल फॉल्ट लोकेटर" घ्या: [((लो टेन्शन) (अंडरग्राउंड केबल)) फॉल्ट] लोकेटर. दाब कमी आहे तो केबलमध्ये, शोधणाऱ्या यंत्रात नव्हे. मराठीत "लघुदाब भूमिगत केबलमधील दोष शोधणारे यंत्र". इथे "मधील" आणि "शोधणारे" हे शब्द मूळ मजकुरात नाहीत, नात्यामुळे आले. तेच नातं हुडकणं हे आपलं काम.

कंस दोन तऱ्हांनी बसत असेल तर अंदाज बांधू नका. "स्मॉल पॉवरलूम युनिट" म्हणजे माग लहान, की थोडे माग असलेला कारखाना? पुढच्या परिच्छेदात मागांची संख्या दिली असेल तर कारखाना लहान, रुंदी दिली असेल तर माग. काहीच नसेल तर लिहिणाऱ्या खात्याला विचारा. सवलत कोणाला मिळणार हे त्यावर ठरतं.

मग पुन्हा जोडणी. माझा नियम कडक आहे: सलग तीनपेक्षा जास्त नामं विभक्तीशिवाय ठेवायची नाहीत. "यंत्रमाग घटक वीजदर सवलत योजना अर्ज नमुना" हे मराठी शब्दांतलं इंग्रजीच.

अपवाद अधिकृत नावांचा. "जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण" फोडू नका, आहे तसं लिहा. पदनामं आणि संज्ञा भाषा संचालनालयाच्या कोशांत पाहून घ्या.