वाय प्लस ५० धरला, आला २५: पहिल्या सेलच्या उंचीतली चूक

सिम्युलेशनमध्ये सपाट पट्टीवरून हवा ३० मीटर प्रति सेकंद वेगाने वाहते आहे. पट्टी १ मीटर लांब, हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी 1.5e-5. भिंतीलगतचा प्रवाह मेशने न सोडवता सूत्राने धरणारं वॉल फंक्शन वापरायचं म्हणून मी वाय प्लस, म्हणजे भिंतीपासूनचं एककरहित अंतर, ५० धरला आणि नेहमीचा हिशोब केला:

```
Re    = 30*1/1.5e-5 = 2e6
Cf    = 0.026/Re^(1/7) = 0.00327
u_tau = 30*sqrt(Cf/2) = 1.21 m/s
y     = 50*1.5e-5/u_tau = 0.62 mm
```

मेशमध्ये पहिल्या सेलची उंची ०.६२ मिलिमीटर दिली. रन कन्व्हर्ज झाला, रेसिड्युअल छान खाली आले, आणि वाय प्लस तपासला तर पट्टीभर २५ च्या आसपास. हिशोब बरोबर होता. चुकलं ते `y` चा अर्थ लावण्यात. ओपनफोम किंवा फ्लुएंटसारखे सॉल्व्हर वेग सेलच्या मध्यावर साठवतात, म्हणून `y` हे भिंतीपासून त्या मध्यापर्यंतचं अंतर असतं. सेलची उंची त्याच्या दुप्पट, १.२४ मिलिमीटर हवी होती. एसयू२ मात्र वेग नोडवर साठवतो, तिथे दुप्पट करू नका.

वाय प्लस १ धरून भिंतीपर्यंत मेश नेणाऱ्याला ही चूक फारशी भोवत नाही. १ ऐवजी ०.५ आला तरी उत्तर बरोबरच येतं, फक्त सेल थोडे वाढतात. वॉल फंक्शनवाल्याचं तसं नाही. साधारण ५ ते ३० या मधल्या पट्ट्यात भिंतीलगतचा सरळ रेषेचा नियमही चालत नाही आणि लॉग नियमही. साधं वॉल फंक्शन मात्र तिथेही या दोन नियमांपैकीच एक लावतं, आणि भिंतीवरचं घर्षण चुकतं.

यातूनच दुसरी चूक होते, आणि ती मला जास्त धोक्याची वाटते. ग्रिड इंडिपेंडन्स दाखवायला आपण सगळी मेश दुप्पट बारीक करतो. त्यात पहिला सेलही निम्मा होतो, वाय प्लस ५० वरून २५ वर येतो, आणि बारीक मेशचं ड्रॅग आधीपेक्षा वाईट निघतं. मग माणूस टर्ब्युलन्स मॉडेलला दोष देत बसतो. वॉल फंक्शन असेल तर पहिल्या सेलची उंची तशीच ठेवून बाकीची मेश बारीक करा.

वरचं `Cf` चं सूत्र सपाट पट्टीचं आहे. विमानाच्या पंखावर वेग जागोजागी बदलतो, प्रवाह सुटतो तिथे घर्षण जवळजवळ शून्यावर येतं. म्हणून आधीचा हिशोब हा अंदाजच समजा आणि रननंतर ओपनफोममध्ये हे चालवा:

```
simpleFoam -postProcess -func yPlus -latestTime
```

नुसती सरासरी बघू नका. पॅराव्ह्यूमध्ये `yPlus` भिंतीवर रंगवून बघा, मधल्या पट्ट्यातले भाग कुठे आहेत ते लगेच दिसतं. उंची सुधारताना सूत्राकडे परत जायची गरज नाही: जुनी उंची गुणिले हवा असलेला वाय प्लस, भागिले आलेला. माझ्या पट्टीवर ०.६२ × ५० / २५, म्हणजे १.२४ मिलिमीटर.