या चुका टाळा: रोजनिशी आणि औषधांच्या नोंदी रिमाइंडरमध्ये साठवताना

रोज ठरावीक वेळी गोळी घेण्याची किंवा चार ओळी लिहिण्याची आठवण फोनवर लावली, की थोड्याच दिवसांत नोंदही त्या आठवणीतच लिहिण्याची सवय लागते. ते सोयीचे असते; आठवण समोर आलेलीच असते आणि तिच्यावर बोट ठेवले की लिहायला रिकामी जागा मिळते. अडचण अशी, की रिमाइंडरची सारी रचना तो चुकून नजरेआड होऊ नये यासाठी केलेली असते, तर रोजनिशी दुसऱ्याच्या नजरेला पडू नये अशी आपली अपेक्षा असते. या दोन गोष्टी एकाच चौकटीत ठेवल्या, की पुढच्या बहुतेक चुका आपोआप घडतात.

एक उदाहरण घेऊ. एका व्यक्तीने गूगल कॅलेंडरमध्ये रात्री साडेनऊची रोजची नोंद लावली आहे. शीर्षक आहे ‘एसिटालोप्राम 10 मिग्रॅ’, म्हणजे नैराश्यावरच्या गोळीचे नाव, आणि खालच्या वर्णनाच्या जागेत ती रोज एक-दोन ओळी लिहिते: ‘आज पुन्हा झोप लागली नाही, सकाळी रडू आलं.’ हेच कॅलेंडर तिने पूर्वी कधीतरी बैठकांच्या वेळा जुळवण्यासाठी दोन सहकाऱ्यांना सर्व तपशील दिसतील अशा परवानगीने दिले होते. ही परवानगी आता तिच्या लक्षातही नाही.

चूक पहिली: शीर्षकातच सगळे सांगणे

रिमाइंडरचे शीर्षक नोटिफिकेशन म्हणून फोनच्या बंद पडद्यावर येते, जोडलेल्या घड्याळावर उमटते, संगणकावर तेच खाते उघडे असेल तर तिथेही झळकते, आणि ईमेलने आठवण पाठवण्याची सोय चालू असेल तर रोज एक ईमेलही जमा होतो. म्हणजे औषधाचे नाव एकदाच लिहिले, तरी त्याच्या चार ठिकाणी प्रती झाल्या. अँड्रॉइड 11 पासून नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल, तर बाजूला सारलेली सूचनाही पुढचे 24 तास तिथे वाचता येते.

बंद पडद्यावरचा मजकूर झाकणे सोपे आहे. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील Notifications या विभागात Show Previews हा पर्याय When Unlocked असा ठेवावा. अँड्रॉइडमध्ये बंद पडद्यावर संवेदनशील मजकूर न दाखवण्याचा पर्याय निवडावा. मात्र यावर थांबू नये, कारण यामुळे फक्त पडदा झाकला जातो. ईमेल, संगणक आणि इतरांना दिलेले कॅलेंडर तसेच राहते. खरा उपाय शीर्षक बदलण्याचा आहे. ‘रात्रीचे काम’ किंवा ‘वही’ एवढे शब्द आठवण करून द्यायला पुरतात, आणि मजकूर पासवर्डने बंद होणाऱ्या वेगळ्या नोंदवहीत लिहिता येतो.

इथे एक मर्यादा गांभीर्याने सांगायला हवी. दोन-तीन औषधे वेगवेगळ्या मात्रेत चालू असतील, तर इतके मोघम शीर्षक गोंधळ घडवू शकते, आणि चुकीची गोळी घेतली जाणे हा गुप्तता गमावण्यापेक्षा मोठा धोका आहे. अशा वेळी मात्रेची माहिती गोळ्यांच्या डबीवर असावी आणि शीर्षकात फक्त कप्प्याची खूण असावी, उदाहरणार्थ ‘रात्र, दुसरा कप्पा’. तसेच ॲलर्जी किंवा रक्तगट यांसारखी जी माहिती अपघातात अनोळखी माणसाला दिसायलाच हवी, ती फोनच्या आपत्कालीन वैद्यकीय माहितीत उघडीच ठेवावी.

चूक दुसरी: जुन्या वाटा तपासण्याआधी मजकूर पुसणे

आपल्या उदाहरणातली व्यक्ती हे लक्षात येताच घाईने सगळ्या नोंदी पुसायला घेईल. हा क्रम उलटा आहे. आधी बाहेर जाणाऱ्या वाटा बंद कराव्यात, मग हवा असलेला मजकूर सुरक्षित जागी हलवावा, आणि त्यानंतर पुसावे.

वाटा तीन आहेत. पहिली, ज्यांना कॅलेंडर दिले आहे त्यांची यादी. तिथे परवानगी काढावी किंवा फक्त मोकळा वेळ आणि व्यग्र वेळ एवढेच दिसेल अशी करावी. एखादी नोंद ‘खाजगी’ अशी चिन्हांकित करण्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण ज्या व्यक्तीला नोंदी बदलण्याचा अधिकार दिलेला आहे तिला खाजगी नोंदही दिसते. दुसरी वाट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये Secret address in iCal format या नावाचा एक दुवा असतो. कधीकाळी तो दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये चिकटवला असेल, तर तो दुवा ज्याच्याकडे आहे त्याला पासवर्डाशिवाय सगळे वाचता येते, आणि लोकांची यादी रिकामी केली तरी तो चालूच राहतो. तो तिथेच Reset करून बाद करावा लागतो. तिसरी वाट म्हणजे गूगल खात्याला जोडलेली इतर ॲप. ज्यांची गरज उरलेली नाही त्यांचा प्रवेश काढून टाकावा.

त्यानंतर पुसताना औषधाचे नाव शोधपट्टीत टाकून पाहावे. रोज वेगळा मजकूर लिहिलेल्या पुनरावृत्तीच्या नोंदींपैकी काही मागे राहून जाऊ शकतात, आणि त्या शोधल्याशिवाय नजरेस पडत नाहीत. पुसलेले सुमारे 30 दिवस कॅलेंडरच्या कचरापेटीत राहते, तेव्हा तीही रिकामी करावी. ज्याने आधीच प्रत उतरवून घेतली आहे त्याच्याकडची प्रत मात्र परत घेता येत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

चूक तिसरी: स्वतः लिहिलेली आज्ञावली घरचीच समजणे

काहीजण ॲप टाळून स्वतःची आठवण तयार करतात, आणि उत्साहाने कालची नोंदही सूचनेत पाठवतात:

```
0 21 * * * tail -n 1 ~/vahi.txt | curl -s -T- ntfy.sh/vahi
```

ही आज्ञा रोज रात्री नऊ वाजता vahi.txt या फाइलमधली शेवटची ओळ ntfy.sh या सूचना पोहोचवणाऱ्या सार्वजनिक सेवेकडे ‘vahi’ या विषयाखाली पाठवते. तिथे राखून न ठेवलेल्या विषयाचे नाव हाच एक प्रकारे पासवर्ड असतो. ‘vahi’ हे नाव ज्याला सुचेल त्याला ही ओळ वाचता येईल, शिवाय संदेश तिथे मूळ सेटिंगनुसार 12 तास साठवला जातो. सूचनेत फक्त ‘वही’ एवढाच शब्द पाठवावा, नाव लांब आणि अंदाज न येणारे ठेवावे, आणि नोंदीची फाइल दुसऱ्या वापरकर्त्यांना वाचता येऊ नये म्हणून एकदा `chmod 600 ~/vahi.txt` चालवावे.

वाटा बंद झाल्या की नाही, हे कसे ओळखावे

सेटिंग्ज पाहून समाधान मानण्यापेक्षा मी खुणेच्या शब्दाची चाचणी करायला सांगेन. एरवी कधी न लिहिला जाणारा एखादा निरुपद्रवी शब्द घ्यावा, समजा ‘पिवळापतंग42’. पाच मिनिटांनंतरच्या आठवणीच्या वर्णनात तो लिहावा आणि शीर्षक ‘वही’ ठेवावे. आठवण वाजली की बंद पडदा, घड्याळ, संगणक आणि नोटिफिकेशनचा इतिहास पाहावा, ईमेलमध्ये तो शब्द शोधावा, आणि ज्यांच्याशी कॅलेंडर वाटून घेतले होते त्यांपैकी एकाला त्यांच्या पडद्यावर काय दिसते ते विचारावे. शब्द जिथे सापडेल, तिथपर्यंत त्याच वर्णनात लिहिलेली रोजनिशीही पोहोचत होती असे धरावे आणि ती वाट बंद करून चाचणी पुन्हा करावी. फोन बदलला किंवा नवे घड्याळ जोडले, की ही चाचणी त्याच दिवशी पुन्हा घ्यावी, कारण नव्या उपकरणावर सूचनांच्या परवानग्या नव्याने ठरतात.