चरबी उतरली, पण वेळ बिघडली: पळणाऱ्या मुलामुलींनी या चुका टाळा

‘दोन किलो उतरव, वेळ आपोआप उतरेल.’ मैदानावर हा सल्ला हमखास मिळतो. पंचाईत अशी की सुरुवातीला तो खरा ठरतो. अंग हलकं झालं की तेवढ्याच वेगाला कमी दम लागतो, महिना-दीड महिन्यात वैयक्तिक सर्वोत्तम वेळही लागते. मग खेळाडूला वाटतं, अजून थोडं उतरवू. पुढच्या काही महिन्यांत वेळ तिथेच अडकते, सर्दी महिनाभर सुटत नाही आणि एके दिवशी नडगीत बारीक दुखायला लागतं. तोवर सुरुवातीच्या त्या फायद्याचं आणि आताच्या दुखण्याचं नातं कुणाच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेच्या मेरी केनचं उदाहरण यासाठीच लक्षात ठेवावं. २०१३ च्या मॉस्को जागतिक स्पर्धेत ती सतराव्या वर्षी १५०० मीटरच्या अंतिम फेरीत पळाली. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं, की वजन सतत कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. इतक्या गुणी मुलीची कारकीर्द ऐन उमेदीत अडखळली.

चूक: चरबीच्या टक्क्यालाच ध्येय मानणं

शरीराला किमान काही चरबी लागतेच. पुरुषांत ढोबळमानाने ३ टक्के आणि स्त्रियांत १२ टक्के चरबी मज्जासंस्था, अवयव, अस्थिमज्जा आणि प्रजननाच्या कामासाठी असते. त्याच्या जवळ जाणं म्हणजे ताशीव अंग कमावणं नव्हे, ते राखीव साठ्याला हात घालणं आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. साठा आणि रोजचं खाणं दोन्ही घटलं की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्यावरून दुष्काळाचा अंदाज बांधतो.

दुसरी अडचण मोजण्याची. जिममधल्या ज्या यंत्रावर अनवाणी उभं राहायचं असतं ते विजेच्या प्रवाहावरून अंदाज करतं. पळून घामाघूम होऊन आल्यावर आणि सकाळी पाणी पिऊन झाल्यावर त्याचे आकडे वेगळे येतात. चिमट्याने त्वचेची घडी मोजताना मोजणारा हात बदलला की आकडा बदलतो. तेव्हा ‘तू १६ वर आहेस, १३ वर ये’ असा हुकूम सोडणाऱ्या सरांना आधी एवढंच विचारावं, की हे १६ कशाने मोजले? तीन टक्क्यांचा फरक यंत्राचाही असू शकतो.

चूक: वजन स्थिर आहे, म्हणजे खाणं पुरतंय असं समजणं

सगळ्यात जास्त फसवणारी चूक ही, म्हणून इथे थोडं थांबू.

खेळाडू जेवढं खातो त्यातून सराव आपला वाटा आधी उचलतो. उरलेल्या ऊर्जेत हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, पाळी, रोगप्रतिकार असं सगळं चालवावं लागतं. या उरलेल्या ऊर्जेला ‘उपलब्ध ऊर्जा’ म्हणतात, आणि ती चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे मोजतात. दिवसाला दर किलोमागे सुमारे ४५ कॅलरी उरल्या तर तरुण खेळाडूचं सगळं नीट चालतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ॲन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात हा आकडा ३० च्या खाली नेला, आणि पाच दिवसांतच पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके मंदावले. चरबी उतरायला आठवडे लागतात, पण मेंदू पाच दिवसांत हात आखडता घेतो. अर्थात ३० ही सगळ्यांसाठी आखलेली रेघ नाही. कुणी त्याच्या वरही बिघडतं, कुणी थोडं खाली तग धरतं.

आता एक हिशेब मांडू. समजा १९ वर्षांची, ५००० मीटर पळणारी मुलगी आहे. वजन ४८ किलो, चरबी साधारण १२ टक्के, म्हणजे चरबी सोडून वजन ४२ किलो. होस्टेलवर राहते. पहाटे साडेपाचला नुसता चहा घेऊन १४ किलोमीटर पळते. नऊला मेसमध्ये एक प्लेट पोहे. दुपारी तीन चपात्या, भाजी, वरण. संध्याकाळी केळं आणि चहा. रात्री दोन चपात्या, भाजी, वरण, थोडा भात. दिसायला हे जेवण व्यवस्थित आहे, घरची मंडळी तर ‘चांगली खाते की’ म्हणतील. बेरीज होते सुमारे १७०० कॅलरी. पळण्यात किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जाते, म्हणजे १४ किलोमीटरला ६५० च्या आसपास. उरल्या १०५०. त्याला ४२ ने भागलं की २५ येतात.

म्हणजे ही मुलगी ३० च्याही खाली आहे, आणि तरीही तिचं वजन महिनोन्‌महिने ४८ च दिसू शकतं. कारण शरीर खर्च कापतं. थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक घटतं, विश्रांतीतला ऊर्जाखर्च उतरतो, हातपाय गार पडतात, नाडी मंदावते. जमाखर्च जुळतो, पण तो हाडांची आणि पाळीची कामं थांबवून. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

या अवस्थेला क्रीडा-वैद्यकात ‘रेड-एस’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये हे नाव पुढे आणलं, २०२३ मध्ये त्यावरचं मार्गदर्शन अद्ययावत केलं. जाणूनबुजून उपाशी राहणारेच त्यात सापडतात असं नाही. सराव वाढला आणि ताट तेवढंच राहिलं, एवढंही पुरतं.

चूक: पाळी थांबणं हे कसून सराव केल्याचं लक्षण मानणं

‘स्पर्धेच्या काळात पाळी जातेच, उलट सोय झाली’ असं मुलीच एकमेकींना सांगतात, काही प्रशिक्षकही मान डोलावतात. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरावं वर्ष पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर तपासणी हवी. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस ही कारणं आधी वगळायची असतात, म्हणून स्वतःच निदान करून मोकळं होऊ नये. इस्ट्रोजेन घटलं की हाडांची झीज भरून येत नाही. विशीच्या आतबाहेर तर हाडांची घनता जमा होण्याचे दिवस असतात. ते हुकले तर पुढे सगळं भरून निघेल याची हमी नाही.

यात आणखी एक गफलत होते. पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या जातात आणि दर महिन्याला रक्तस्राव दिसू लागतो. पण तो गोळी थांबवल्यामुळे होणारा स्राव असतो, ऊर्जेची तूट तशीच राहते. हाडांनाही या गोळ्यांचं संरक्षण मिळत नाही, आणि धोक्याची एक ठळक खूण मात्र झाकली जाते.

चूक: मुलांना हे होत नाही असं धरून चालणं

मुलांना पाळीसारखी दिसणारी खूण नाही, म्हणून त्यांचं उशिरा कळतं. टेस्टोस्टेरॉन घटतं, कामेच्छा कमी होते, सकाळचं ताठरणं नाहीसं होतं, झोप तुटक होते, चिडचिड वाढते. यातलं काहीच कुणी सरांना सांगत नाही. डॉक्टरांनी सरळ विचारावं आणि मुलांनी सरळ सांगावं, एवढंच म्हणता येईल. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे रिकाम्या पोटी पळणाऱ्या पोरांत नडगीचं दुखणं किती सर्रास आहे, ते कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर दिसेल.

चूक: नडगीचं दुखणं बुटांवर ढकलणं

बूट, डांबरी रस्ता, अचानक वाढवलेलं अंतर ही कारणं खरीच असतात. पण दुखणं बोटाने दाखवता येईल इतक्या एका जागी असेल, उडी मारल्यावर वाढत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यावी. सुरुवातीच्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआय लागतो. जांघेत किंवा कमरेच्या मागे खोल दुखत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद, कारण मांडीच्या हाडाच्या मानेतली भेग पूर्ण तुटू शकते. सहा आठवडे विश्रांती आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन पुन्हा त्याच ताटावर परतलेला खेळाडू पुढच्या हंगामात दुसऱ्या पायाचं दुखणं घेऊन येतो. दुसरं फ्रॅक्चर झालं की बुटांची चौकशी बाजूला ठेवून जेवणाची वही मागावी.

चूक: दिवसाची बेरीज बघणं, मधली पोकळी न बघणं

आपल्या उदाहरणातली मुलगी रात्री आठला जेवते आणि पुढचं खरं अन्न सकाळी नऊला घेते. तेरा तासांचा उपास, त्यात १४ किलोमीटर. दिवसाची बेरीज नीट असली तरी अशा लांब पोकळीत शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवतं. त्यात सोमवारचा किंवा चतुर्थीचा उपवास आला की आठवड्यातला एक दिवस आणखी खोल जातो. उपवास करूच नये असं मी म्हणणार नाही. साबुदाण्याची खिचडी, दाणे, दूध, राजगिऱ्याचे लाडू असा भरपेट उपवास असतो, आणि नुसत्या चहा-केळ्यावरचाही असतो. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी कठीण सराव ठेवू नये.

दुरुस्ती कशी करायची

४५ पर्यंत पोहोचायला या मुलीला ४२ गुणिले ४५, म्हणजे १८९०, अधिक पळण्याच्या ६५०, अशा सुमारे २५४० कॅलरी लागतील. तूट ८४० ची. एकदम एवढं वाढवलं तर पोट बिघडतं आणि मुलगी घाबरते. म्हणून पहिल्या आठवड्यात ३०० च्या आसपास वाढ पुरे. पळण्याआधी एक केळं आणि शेंगदाण्याचा छोटा लाडू, हे झाले साधारण २२०. पळून आल्यावर अर्ध्या तासात साखर घातलेलं पाव लिटर म्हशीचं दूध, २८०. हे दोन बदल आधी करावेत, एकेका आठवड्याला एक, कारण पोकळीही त्यांनीच भरते. पुढे दुपारच्या वरणभातावर दोन चमचे तूप, संध्याकाळी मूठभर दाणे, रात्री एक चपाती जास्त. मेसच्या ताटाला फारसं न छेडता हिशेब जुळतो. सोबत काही आठवडे रोजचं अंतर १४ वरून १० किलोमीटरवर आणलं तर १९० कॅलरी तशाच वाचतात. भात-भाकरी कापून फक्त प्रोटीन वाढवण्याचा मोह मात्र आवरावा, कारण पिष्टमय अन्नाची कमतरता हाडांना वेगळी भोवते.

वजन एखाद-दोन किलोने वाढेल. त्यातला बराचसा भाग स्नायूंतलं ग्लायकोजन आणि त्याबरोबरचं पाणी असतं, म्हणजे पळण्यासाठी लागणारं इंधनच. अंगातली ऊब आणि उत्साह काही दिवस-आठवड्यांत परततो, पाळीला महिने लागतात, हाडांची घनता भरायला वर्षं. वेळ लगेच सुधारली नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताट कापणारे बरेच असतात. अशा वेळी रक्ताच्या तपासण्या कामी येतात. टी-३, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, ड जीवनसत्त्व, मुलांत टेस्टोस्टेरॉन, मुलींत इस्ट्राडायॉल. वारंवार फ्रॅक्चर होत असेल तर डेक्सा तपासणीही, आणि तीही हाडांसाठी. चरबीचा टक्का बघायला तिचा वापर करू नये.

घरच्या घरी मोजता येईल अशी एक गोष्ट म्हणजे सकाळची नाडी. दमदार धावपटूची नाडी मंद असतेच. पण प्रौढ खेळाडूची ४० च्या खाली किंवा किशोरवयीन मुलाची ५० च्या खाली राहत असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा चक्कर येऊन पडणं झालं असेल, तर पुढच्या स्पर्धेचा विचार सोडून आधी ईसीजी काढावा. आणि जेवणाची वही मागितल्यावर मूल रडत असेल, लपवत असेल, एक लाडू खाल्ल्याबद्दल जादा फेऱ्या मारत असेल, तर आहारतज्ज्ञ एकटा पुरत नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं, आणि तेही पहिल्याच भेटीनंतर.