सहा टक्के ‘अल्फा’चा हिशेब: फंडाचे आकडे वाचताना या चुका टाळा

रविवारी सकाळी पोह्यांवर जिरावन भुरभुरत आमच्या रामबागेतल्या शेजारच्या काकांनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या एजंटाने एका मिडकॅप, म्हणजे मधल्या आकाराच्या कंपन्यांच्या, फंडाचं पत्रक पाठवलं होतं. फंडाचा तीन वर्षांचा वार्षिक परतावा १८ टक्के, निफ्टीचा १२ टक्के आणि खाली ठळक अक्षरांत ‘अल्फा ६ टक्के’. काका म्हणाले, “पैसे टाकून देऊ का?” मी म्हटलं, आधी पोहे संपवा, मग कागद घेऊन बसू. (आकडे इथे सोयीसाठी गोल केले आहेत, पण अशी पत्रकं असतात ती याच घाटाची.)

पहिली चूक तर पत्रकानेच केली होती. १८ मधून १२ वजा केले की जो उरतो तो फक्त जास्तीचा परतावा, अल्फा नव्हे. बाजार एक टक्का हलला की फंड सरासरी किती हलतो, ते बीटा सांगतो. बीटा १.२ असेल तर बाजार १० टक्के वर गेल्यावर फंड साधारण १२ टक्के वर जाईल, आणि पडताना तितकाच जास्त पडेल. तेजीत असा फंड पुढे दिसणारच, त्यात मॅनेजरची करामत काही नाही. बीटाच्या हिशेबाने जेवढं मिळायला हवं होतं, त्यावर जे उरतं तो अल्फा. सूत्रातला बिनजोखीम दर म्हणजे जोखीम न घेता मिळणारा परतावा:

```
अल्फा = फंड − [ बिनजोखीम दर + बीटा × (निर्देशांक − बिनजोखीम दर) ]
```

कागदावर मांडण्याआधी आणखी एक गोष्ट दुरुस्त करावी लागली. पत्रकातले निफ्टीचे १२ टक्के हे फक्त भावाचे होते. कंपन्या जो लाभांश देतात तो साध्या निर्देशांकात धरलेला नसतो, फंडाच्या एनएव्हीत, म्हणजे एका युनिटच्या किमतीत, मात्र तो जमा होतो. म्हणून तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशी, म्हणजे टीआरआयशी करायची. सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना तशीच तुलना सक्तीची केली आहे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रांत जुनी सवय अजून डोकावते. आम्ही लाभांशाचे १.२ टक्के मिळवून निफ्टीचा परतावा १३.२ धरला आणि बिनजोखीम दर ६.५. बीटा १.२ घेतला तर अपेक्षित परतावा आला १४.५. अल्फा सहावरून साडेतीनवर आला.

आता मुख्य गोष्ट. हा फंड मिडकॅप, आणि तुलना चालली आहे देशातल्या सगळ्यात मोठ्या पन्नास कंपन्यांशी. त्या तीन वर्षांत मिडकॅप शेअर्सच वर गेले असतील तर त्या गटातला झोपलेला मॅनेजरसुद्धा निफ्टीच्या पुढेच दिसेल. फुगवलेला अल्फा बहुतेक वेळा इथूनच येतो, म्हणून मी याच जागी सगळ्यात जास्त थांबतो. आमच्या हिशेबात मिडकॅप निर्देशांकाचा टीआरआय १७ टक्के होता आणि त्याच्याशी मोजलेला फंडाचा बीटा ०.९५. अपेक्षित परतावा झाला ६.५ + ०.९५ × १०.५, म्हणजे जवळजवळ १६.५. उरला दीड टक्का.

त्यातही १८ टक्के हा आकडा एजंटाविना घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनचा निघाला. काका घेणार होते एजंटाकडून, म्हणजे रेग्युलर प्लॅन, ज्याचा खर्च या फंडात ०.९ टक्क्याने जास्त. म्हणजे काकांच्या वाट्याला अल्फा राहिला ०.६. कागदावर एवढी खाडाखोड झाली होती की काकूंनी विचारलं, लाइट बिल जास्त आलं का!

उलट बाजूची चूक बीटाबाबत होते. ‘या फंडाचा बीटा ०.८ आहे, म्हणजे कमी हलतो’ असं लोक सरसकट समजतात. बीटा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: फंडाची चढउतार बाजाराच्या किती पट आहे, आणि त्या दोघांचा सहसंबंध किती आहे. समजा बाजाराचं प्रमाण विचलन १५, फंडाचं २० आणि सहसंबंध ०.६. मग बीटा येतो २० ÷ १५ × ०.६ = ०.८. हा फंड बाजारापेक्षा जास्त हेलकावे खातो, पण ते हेलकावे बाजाराच्या तालावर नसतात, म्हणून बीटा लहान दिसतो. ओळखायची खूण म्हणजे आर-स्क्वेअर, सहसंबंधाचा वर्ग. इथे तो ०.६ × ०.६, म्हणजे ०.३६. इतका कमी आर-स्क्वेअर असेल तर निर्देशांकच चुकीचा निवडला आहे असं समजावं. अशा बीटावर बांधलेला अल्फा मोठा असला तरी मी त्याकडे बघत नाही. सोन्याच्या फंडाचा निफ्टीशी मोजलेला अल्फा कुणी दाखवला, तर त्याची गंमत हीच असते.

पत्रकावर विश्वास नसेल तर स्वतः काढता येतं. महिनाअखेरच्या ३७ एनएव्ही अ‍ॅम्फीच्या साइटवरून घ्या, टीआरआय niftyindices.com वर मिळतो. एनएव्ही ग्रोथ पर्यायाचीच घ्या, नाहीतर लाभांश वाटल्यावर ती खाली येते आणि हिशेब बिघडतो. त्यावरून ३६ मासिक परतावे काढून प्रत्येकातून त्या महिन्याचा बिनजोखीम दर वजा करा (आमच्या दराने साधारण ०.५४). एक्सेल शीटच्या D स्तंभात फंड, E मध्ये निर्देशांक:

```
=SLOPE(D2:D37,E2:E37)
=RSQ(D2:D37,E2:E37)
=INTERCEPT(D2:D37,E2:E37)*12
=INDEX(LINEST(D2:D37,E2:E37,TRUE,TRUE),2,2)*12
```

क्रमाने बीटा, आर-स्क्वेअर, वार्षिक अल्फा आणि त्या अल्फाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो आकडा नुसत्या योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते. फंडाचा स्तंभ आधी लिहायचा. उलटा लिहिलात तर शीट चूक दाखवत नाही, पण बीटा भलताच येतो. माझ्याकडून हे एकदा झालं आहे, आणि संध्याकाळभर मी फंडाला दोष देत होतो. मासिक आकड्यांवरचा अल्फा वार्षिक परताव्यावरून काढलेल्यापेक्षा थोडा वेगळा येतो, त्याने गोंधळू नका.

शेवटची ओळ बहुतेक कुणी काढत नाही, आणि पत्रकावर तर ती नसतेच. निर्देशांकाचा वाटा बाजूला केल्यावर फंडाची उरलेली चढउतार वर्षाला ६ टक्के असेल, तर तीन वर्षांच्या अल्फाची प्रमाण त्रुटी येते ६ ÷ √३, म्हणजे साडेतीनच्या आसपास. म्हणजे काकांचा ०.६ हा उणे तीनही असू शकतो आणि अधिक चारही. ज्याच्या नावाने हे माप ओळखलं जातं त्या मायकेल जेन्सनने १९६८ साली अमेरिकेतल्या ११५ फंडांचे १९४५ ते १९६४ पर्यंतचे आकडे तपासले, तेव्हाही फंड सरासरीने बाजारावर मात करताना दिसले नव्हते.

“मग किती वर्षांचे आकडे असले की खात्री पटेल?” काकांनी विचारलं. रूढ कसोटी अशी की अल्फा त्रुटीच्या दुप्पट तरी असावा. उरलेली चढउतार तीच ६ टक्के धरली आणि अल्फा खरोखर ३ टक्के असेल तर १६ वर्षं लागतात, आणि तोवर तोच मॅनेजर त्याच पद्धतीने काम करत असायला हवा. काकांच्या ०.६ साठी गणित केलं तर उत्तर आलं ४०० वर्षं. काकांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला, मग मोबाइल उचलून एजंटाला मेसेज टाकला: “मिडकॅपच्या टीआरआयशी तुलना आणि रेग्युलरचा परतावा पाठवा.” दोन निळ्या टिका आल्या आहेत, उत्तर अजून नाही.