दिवाळीच्या सीझनसाठी नवी माणसं घेताय? पिकिंगच्या या चुका टाळा

इंदूरच्या देवास नाक्याकडच्या गोदामांत नवरात्राच्या आधीपासून माल हलायला लागतो आणि धनतेरसपर्यंत कुणाला फुरसत नसते. बिस्किटं, नमकीन, साबण-शाम्पू असा किराणा दुकानांचा माल असेल, तर एरवीची माणसं पुरत नाहीत आणि पिकिंगला, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे रॅकमधून माल काढायला, हंगामी माणसं घ्यावीच लागतात. मग दुकानदारांचे फोन सुरू होतात. मागवलं एक, आलं दुसरं. पेटी मागवली, लडी आली. खापर नव्या पोरांवर फुटतं, पण बहुतेक चुकांची सोय आपणच आधी करून ठेवलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

आधी चूक मोजायची कशी ते ठरवा. समजा २० नवी माणसं आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला १५० लाइनी काढतो. लाइन म्हणजे ऑर्डरमधली एक ओळ, एक वस्तू. एकूण ३,००० लाइनी झाल्या. त्यात शेकडा एक चूक म्हणजे ३० चुकीच्या लाइनी. ऐकायला थोड्या वाटतात. पण एका ऑर्डरीत सरासरी १० लाइनी असतील तर ऑर्डरी ३०० होतात आणि त्या ३० चुका ३० वेगवेगळ्या दुकानांत जाऊ शकतात. म्हणजे दर दहातला एक दुकानदार नाराज. गोदामातला ‘फक्त एक टक्का’ बाजारात असा दिसतो. म्हणून आकडा लाइनीवरही ठेवा आणि ऑर्डरीवरही.

चूक: सगळी माणसं एकाच दिवशी, अगदी तोंडावर घेणं

माळव्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची कापणी असते. धार-खरगोनकडून येणारी माणसं त्याच वेळी शेतावर लागतात, कारण तिथे रोख मजुरी मिळते. नवरात्रात तरुण पोरं रात्री गरब्याला जातात आणि सकाळी डोळे चोळत रॅकपुढे उभी राहतात. भंवरकुआंच्या क्लासची मुलं कामाला चांगली, वाचनात पक्की. पण परीक्षेची तारीख जाहीर झाली की गायब. हे सगळं दरवर्षी ठाऊक असतं, तरी भरती होते आठवडाभर आधी.

माणसं तीन तुकड्यांत घ्या, दोन तुकड्यांमध्ये चार-पाच दिवस सोडा. एका जुन्या माणसाच्या हाताखाली चारच नवी असावीत. आठ दिली की तो शिकवत नाही, नुसता ओरडतो. आणि मजुरी ठरल्या दिवशी द्या. ठेकेदाराने बुडवली तर ती द्यायची कायदेशीर जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते. शिवाय पाचव्या दिवशी माणूस सुटला, की तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर.

चूक: ताकद बघून निवडणं

पिकिंग म्हणजे वाचून उचलणं. हमालीची माणसं वेगळी घ्या. पिकिंगसाठी टेबलावर एकसारख्या दिसणाऱ्या दहा वस्तू मांडा, हातात यादी द्या आणि जुळवायला सांगा. २०० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम यांतला फरक ज्याला चटकन दिसतो तो तुमचा माणूस. अनेकांना इंग्रजी नावं नीट वाचता येत नाहीत आणि ते सांगायला लाज वाटते. म्हणून जागेचा पत्ता आकड्यांत ठेवा: ०७-३-२ म्हणजे सातवी ओळ, तिसरा रॅक, दुसरा कप्पा. आकडा सगळ्यांना वाचता येतो.

चूक: ‘एक’ म्हणजे काय ते न सांगणं

खरं दुखणं इथे आहे. यादीत लिहिलेलं असतं ‘१’. म्हणजे एक पाकीट, एक लडी, एक आउटर की एक पेटी? जुन्या माणसाला सवयीने कळतं. नवा पोरगा विचारतो, “भैया, एक मतलब एक पेटी ना?” आणि घाईत कुणीतरी “हां, हां” म्हणतं. झालं, पुढे यादीत ‘१२’ दिसलं की १२ पाकिटांच्या जागी १२ पेट्या.

उपाय साधा आहे. यादीत संख्येपुढे एकक छापा, तेही हिंदीत: १२ पाकिट, २ लडी, १ पेटी. आणि पहिल्या दिवशी पाकीट, लडी, आउटर, पेटी या चारही गोष्टी हातात देऊन, उघडून दाखवा. शाम्पूच्या लडीत किती पुड्या, आउटरमध्ये किती लड्या, हे त्याला स्वतः मोजू द्या. अर्धा तास जातो, पण तो अर्धा तास वसूल होतो.

दुसरी फसगत एमआरपीची. २२ सप्टेंबर २०२५ ला नमकीन, साबण, शाम्पू यांवरचा जीएसटी उतरला, तेव्हा ऐन सीझनमध्ये एकाच वस्तूचा जुन्या आणि नव्या किमतीचा माल शेजारी-शेजारी आला. किंमत बदलली तरी बारकोड बऱ्याचदा तोच राहतो. स्कॅनर ‘बरोबर’ म्हणतो आणि माल चुकीचा जातो. म्हणून दोन एमआरपींचा माल एका कप्प्यात कधीच नको; मध्ये किमान एक वेगळीच वस्तू ठेवा आणि कप्प्यावर किंमत मोठ्या अक्षरांत लावा. २०० आणि ४०० ग्रॅमच्या पाकिटांनाही हाच नियम.

स्कॅनर संख्याही पकडत नाही, जर माणूस एकदा स्कॅन करून ‘१२’ टाइप करत असेल. तिथे काटा कामाला येतो. ९ किलोच्या खोक्यात २०० ग्रॅमचं एक पाकीट कमी असेल तर काट्यावर दिसतं. शाम्पूची एक पुडी कमी असेल तर दिसत नाही, कारण खोक्याच्या पुठ्ठ्याचं वजनच तेवढं कमी-जास्त असतं. पुड्यांचा माल हातानेच मोजा.

चूक: तपासणीत सापडलेली चूक गुपचूप दुरुस्त करणं

चेकर चुकीचं पाकीट काढतो, बरोबर टाकतो, खोकं बंद. दुकानदार वाचला, पण ज्याने चूक केली त्याला पत्ताच नाही. प्रत्येक खोक्यावर काढणाऱ्याचा नंबर हवा आणि प्रत्येक चुकीची चिठ्ठी: कुणी, कुठल्या कप्प्यातून, काय झालं. चुकीची वस्तू, कमी, जास्त, की चुकीची एमआरपी, एवढंच. चिठ्ठी त्याच पाळीत त्या माणसाला दाखवा.

संध्याकाळी या चिठ्ठ्या दोनदा लावा, आधी माणसांप्रमाणे, मग कप्प्यांप्रमाणे. समजा १८ चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या ७ एकाच कप्प्याच्या आणि त्या पाच वेगवेगळ्या माणसांच्या असतील, तर माणसांना बोलू नका, कप्पा बघा. तिथे जाऊन उभं राहिलं की दिसतं: वरच्या कप्प्यातल्या मालाचं लेबल खाली लटकतंय, किंवा दोन रंग ट्यूबलाइटखाली सारखेच वाटतायत. उलट ५ चिठ्ठ्या एकाच माणसाच्या आणि पाच वेगळ्या कप्प्यांच्या असतील, तर त्याला जुन्या माणसाबरोबर परत जोडा. सगळ्या ‘कमी’च्याच असतील तर तो बहुधा मध्येच उठवला जातोय, त्याला यादी संपेपर्यंत कुणी हाक मारू नये.

पहिले तीन दिवस नव्या माणसाचं प्रत्येक खोकं तपासा. सलग २०० लाइनी बिनचूक गेल्या की दर पाचांतलं एक. पुन्हा चूक सापडली की त्या दिवसापुरतं परत सगळं. आणि तोपर्यंत वेगाचं बक्षीस लावू नका. लाइनीमागे पैसे पहिल्या दिवसापासून ठेवले, की माणूस लेबल वाचणं सोडून रंगावरून उचलायला लागतो आणि ती सवय नंतर मोडत नाही. वेगाचं बक्षीस द्यायचंच असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून, आणि चिठ्ठी आलेली लाइन त्यातून वजा करून.