चौकशीचे फोन तुम्ही घ्या, शब्द मात्र जोडीदाराचे

सासरे आयसीयूत असताना मी नवऱ्याला सारखं विचारायचे, "काही लागलं तर सांग." तो म्हणायचा, "काही नाही." दमलेल्या माणसाला काय हवंय ते शोधून सांगणं हेही एक कामच. खरं तर त्याला पिळून काढत होते ते चौकशीचे फोन. तीच हकिगत दहादा!

मग आम्ही असं केलं:

१. संध्याकाळी मी तीन ओळींचा मेसेज लिहायचे: आज तब्येत कशी, भेटायला यावं का, फोन कुणाला करावा (मला).
२. पाठवण्याआधी त्याला दाखवायचे. एकदा त्याने "सुधारणा आहे" खोडून "तसेच आहेत" लिहिलं. ते तसंच गेलं.
३. मग सगळ्यांना एकदम पाठवायचा. ज्यांच्याशी त्याला स्वतः बोलायचंय, अशी दोन-तीन नावं वगळून. त्याच्या बहिणीला तोच फोन करायचा.

उरलेल्या वेळात मी नुसती शेजारी बसायचे. तो बोलला तर ऐकायचं, उपाय सुचवायचे नाहीत.

एक सांभाळा: डॉक्टरांशी बोलणं आणि उपचारांचे निर्णय त्याच्याकडेच राहू द्या. त्याने बोलावलं तर सोबत जा, सांगितलं तर वहीत टिपून घ्या.