सेलची क्षमता मोजताना स्थिर करंट की स्थिर पॉवर?

१८६५० लिथियम सेलची क्षमता टेस्टरवर बहुधा स्थिर करंटने, समजा ०.५ अँपिअरने, मोजली जाते. पण पॉवर बँकेसारखे कन्व्हर्टर असलेले उपकरण आउटपुटवरचा भार तोच असेपर्यंत सेलमधून जवळजवळ स्थिर पॉवर घेते, आणि म्हणून सेलचे व्होल्टेज उतरते तसा त्याचा करंट वाढत जातो. सेलवर ९ वॅटचा भार असेल, तर ४ व्होल्टला २.२५ अँपिअर आणि ३ व्होल्टला पूर्ण ३ अँपिअर करंट लागतो, म्हणजे सेल सर्वांत थकलेला असतानाच त्याच्यावर सर्वाधिक ताण येतो.

जुन्या सेलचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर ३ अँपिअरला त्यात ०.३ व्होल्ट खर्ची पडतात आणि ०.५ अँपिअरला केवळ ०.०५ व्होल्ट. त्यामुळे ३ व्होल्टला बंद होणारे उपकरण सेलचे भाररहित व्होल्टेज सुमारे ३.३ असतानाच थांबते, तर टेस्टर त्याच मर्यादेपर्यंत पोहोचताना ते जवळपास ३.०५ पर्यंत खाली नेतो. मधला चार्ज टेस्टरच्या आकड्यात मोजला जातो, उपकरणाला मात्र तो मिळत नाही. भार काढल्यावर व्होल्टेज झटकन वर चढले, तर कारण हेच आहे असे समजावे.

टेस्टरमध्ये स्थिर पॉवरची सोय असल्यास तीच वापरावी, उपकरणाचेच कटऑफ व्होल्टेज ठेवावे आणि निकाल वॅट-तासांत नोंदवावा. सोय नसल्यास पॉवरला ३.६ व्होल्टने भागून येणारा करंट, येथे २.५ अँपिअर, सेलच्या कमाल मर्यादेत असेल तर ठेवावा; तरीही शेवटच्या टप्प्यातला वाढीव ताण या चाचणीत दिसत नाही, हे जुन्या सेलच्या बाबतीत विशेष लक्षात घ्यावे.